10W-30 च्या दोन बाटल्या

पुतणीने पाठवलेला फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि मला आनंद झाला. कुणी वाचणार नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू?

फोटोत इंजिन ऑइलची बाटली होती. मागच्या लेबलवर खाली एक छोटी चौकट, तिच्यात MB ही दोन अक्षरं. पुतणीकडे मोटरसायकल आहे, गिअरची. तिच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली, त्याची गाडी तिने घेतली. MB लिहिलेलं ऑइल स्कूटरचं असतं. ते मोटरसायकलमध्ये घालायचं नसतं. आणि ही बाटली तिला दिली होती तिच्या सख्ख्या बापाने, म्हणजे माझ्या दिराने, आमच्या दुकानातून.

आमच्या म्हणते ती सवयीने. ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला आमची दोन दुकानं शेजारी शेजारी होती. एक दिराचं, जनरल स्टोअर. दुसरं आमचं, गाड्यांचे स्पेअर पार्ट आणि ऑइल. आमच्या दुकानात मी रोज बसायची. गिऱ्हाइकाशी हे बोलत, मी मागच्या फळीवरून माल काढून देई. मला लोकांशी बोलता येत नाही, नवीन माणूस समोर आला की घसा बसतो. पण बाटलीशी बोलावं लागत नाही. इंग्रजी अक्षरं मी बाटल्यांवरूनच शिकले. दुपारी गर्दी नसली की हे एक एक बाटली हातात देत आणि म्हणत, "सांग, ही कुणाची?" मी लेबल वाचून सांगायची, स्कूटरची, मोटरसायकलची, डिझेलची. चुकले तर हे रागावत नसत, बाटली परत हातात देत.

हे गेले, आणि तेराव्यानंतर दिराने दोन्ही दुकानं एक करायचं काढलं. मधली भिंत पाडली. पाटी एक झाली, गल्ला एक झाला. आमच्या फळ्यांवरचा सगळा माल त्याने खाली काढला आणि स्वतःच्या डोक्याप्रमाणे लावला. ह्यांनी ऑइल ठेवलं होतं ते गाडीप्रमाणे. डावीकडे स्कूटर, उजवीकडे मोटरसायकल, खाली कार आणि डिझेल. दिराने लावलं ते नंबराप्रमाणे. 10W-30 ची एक रांग, 20W-40 ची दुसरी, 20W-50 ची तिसरी. तांदूळ जसे भावाप्रमाणे मांडतात तसं. मांडणी सुंदर दिसत होती, ते मी नाकारत नाही. पण त्या पहिल्या रांगेत स्कूटरची 10W-30 आणि मोटरसायकलची 10W-30 खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

मी त्याला सांगितलं. दुकानात तीनचार माणसं होती, तरी धीर करून सांगितलं. "भावजी, स्कूटरचं वेगळं ठेवायचं असतं. ह्या बाटलीवर बघा, स्कूटरचं चित्र आहे."

तो मोठ्याने म्हणाला, "वहिनी, साबणाच्या कागदावर बाई असते. म्हणून पुरुषांनी आंघोळ करायची नाही का?"

सगळी हसली. समोरच्या पटरीवर गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्रीही हसला, तो रोज आमच्याकडूनच माल नेतो. मग दिराने आवाज जरा मऊ केला. तो मऊ आवाज मला जास्त लागला. "टेन डब्ल्यू थर्टी म्हणजे टेन डब्ल्यू थर्टी. कंपनीने नंबर कशाला दिलाय? तुम्ही आता आराम करा वहिनी. इथे दिवसभर मर्दांची ये-जा, बरं नाही दिसत."

माझी खुर्ची त्याने त्याच संध्याकाळी मागच्या घरात पाठवून दिली. मी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहते. तो आणि त्याची माणसं सिटी सेंटरकडे फ्लॅटमध्ये राहतात. मी भिंतीला कान लावून दुकान ऐकायची. "टेन डब्ल्यू थर्टी देना सेठ," कुणीतरी म्हणे, आणि बाटली फळीवरून निघाल्याचा आवाज येई. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, कुठली दिली? आणि वाट बघायची. मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून त्या फोटोने मला आनंद झाला. दुसऱ्याच्या पोरीची नाही, त्याच्याच पोरीची बाटली.

फोटोखाली तिने लिहिलं होतं, "काकू ये देख ना. उद्या सकाळी मिस्त्रीकडे ऑइल चेंज आहे. पप्पांनी ही दिली. पण इसपे टेन से थर्टी लिखा है, आणि आपल्या ग्वाल्हेरला तर पैंतालीस डिग्री जातं. चालेल का?"

तिला वाटलं होतं, तो आकडा हवामानाचा आहे. MB कडे तिचं लक्षच नव्हतं. फोनवर निळ्या खुणा आल्या, म्हणजे मी वाचलं हे तिला कळलं. मी उत्तर दिलं नाही. फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला बसले.

घालू दे, मी म्हटलं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो. त्याच्या चकत्या एकमेकींना धरतात, तेव्हा इंजिनचा जोर चाकाला जातो. स्कूटरचा क्लच बाहेर कोरडा असतो, म्हणून तिच्या ऑइलला कितीही गुळगुळीत केलं तरी चालतं, उलट बरं असतं. तेच ऑइल मोटरसायकलमध्ये गेलं की चकत्या धरायच्या ऐवजी निसटायला लागतात. पहिल्या दिवशी कळणारही नाही. मग एक दिवस पुलाच्या चढावर ती अॅक्सिलरेटर पिळेल, इंजिन ओरडेल आणि गाडी पुढे जाणार नाही. मागून हॉर्न वाजतील. ती घरी येऊन बापाला सांगेल. तेव्हा बघू साबण आणि आंघोळ. एवढी बारीक भाजी मी वर्षात चिरली नव्हती.

आणि चिरता चिरताच माझ्या लक्षात आलं की तेव्हाही तोच जिंकणार आहे.

पोरीने मोटरसायकल घ्यावी हे त्याला मुळातच नको होतं. "लडकी हो, स्कूटी लो," हे तो सगळ्यांदेखत म्हणून चुकला होता. क्लच गेला तर तो ऑइलला दोष थोडाच देणार? म्हणेल, जुनी गाडी गळ्यात मारली. म्हणेल, हिला चालवता येत नाही, क्लच दाबून ठेवते. मिस्त्री मान हलवेल, गाडी विकली जाईल, आणि फळीवरची रांग तशीच सुंदर उभी राहील. माझ्या हाती काय? पोरीचं रडं. मला तिचं रडं नको होतं, त्याचं हवं होतं.

चूक झाली पाहिजे आणि ती कुणाची झाली हेही कळलं पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. मी हात धुतले आणि तिला फोन लावला.

"बाटली घेऊन ये," मी म्हटलं. "गाडीचं पुस्तकही आण."

"काकू, इतकं सीरियस?"

"ये तर."

ऑफिस सुटल्यावर ती तशीच आली, हेल्मेट काखेत. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि बाटली मधे ठेवली.

"हे डिग्री नाहीत," मी सुरुवात केली. "दहा आणि तीस हे तापमान नाही. ऑइल किती घट्ट, किती पातळ, त्याचे नंबर आहेत. डब्ल्यू म्हणजे थंडी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार इंजिनचा. जानेवारीत आपलं खोबरेल बाटलीत कसं होतं?"

"जम जाता है. चमच्याने काढावं लागतं."

"तसं ऑइलही गारठ्यात जड होतं. दहावालं वीसवाल्यापेक्षा लवकर धावतं, सकाळी गाडी सुरू केली की पटकन वरपर्यंत पोचतं. मागचा आकडा तापलेल्या इंजिनचा. तीसवालं तापल्यावर पातळ, चाळीसवालं त्याहून दाट, पन्नासवालं आणखी दाट."

"मग उन्हाळ्यात पन्नासवालं घालू? मिस्त्री बोल रहा था, गर्मी में मोटा डालो, इंजन ठंडा रहेगा."

"बाहेर पंचेचाळीस असलं तरी इंजिनच्या आत त्याहून कितीतरी जास्त असतं. ते धरूनच कंपनीने नंबर ठरवलाय. पुस्तकात बघ काय आहे. मिस्त्रीचं नाही, मैत्रिणीचं नाही, पुस्तकाचं ऐकायचं."

तिने पुस्तक उघडलं. पानं उलटून वाचलं, "10W-30. API SL या ऊपर. JASO MA."

"नंबर जुळला. आता हा गोल शिक्का बघ. मधे तोच नंबर, वर अक्षरं. काय आहेत?"

"SN."

"पहिलं S असलं म्हणजे पेट्रोलचं. C असतं तर डिझेलचं. दुसरं अक्षर जेवढं पुढचं तेवढं ऑइल नवं. L च्या पुढे N येतो, म्हणजे हे पुस्तकात मागितलंय त्याहून वरचं, चालतं. आणि शिक्क्याच्या खालच्या अंगाला इंधन वाचवण्याचं काही इंग्रजी लिहिलेलं असलं, तर ते कारचं. ते गुळगुळीत असतं, मोटरसायकलला नको."

"इथे खाली काही नाही. मग सब ठीक है ना?"

"आता चौकट बघ."

तिने बाटली दिव्याजवळ नेली. "JASO. वर कसला तरी लंबा नंबर. मग MB." तिने पुस्तकाकडे पाहिलं, परत बाटलीकडे पाहिलं. "काकू, हे तर MA नाही."

"नाही. ही जपानी खूण आहे, खास दुचाकीसाठी. वरचा लांब नंबर म्हणजे कंपनीने हे ऑइल तिथे नोंदवलंय. चौकट नसली, नुसतं बारीक अक्षरांत लिहिलेलं असलं, तर ती फक्त कंपनीची बोली समज. MA आणि MA2 क्लचला धरू देतात, MA2 जास्त. MB निसटतं. ते स्कूटरचं." मग मी तिला चकत्यांचं सगळं सांगितलं, पुलाच्या चढासकट.

 तिने विचारलं, "आणि स्कूटरमध्ये MA घातलं तर?"

"काही बिघडत नाही. मायलेज जरा कमी. उलटं केलं तर बिघडतं."

"पप्पांना माहीत नाही हे?"

"मी त्यांना एकदा सांगितलं होतं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. साबणाचं तिला तिच्या आईकडून आधीच कळलं होतं, घरी तो किस्सा हसून सांगितला गेला होता. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला तो आत्ता नव्याने आठवला. ती बापाचीच मुलगी, त्याच्यासारखीच जिभेची तिखट. मला अशीच हवी होती.

"तू दुकानात येतेस सकाळी?" तिने विचारलं.

"मला नाही जमणार. इतकी माणसं."

"मग मी फोन चालू ठेवून खिशात टाकते. तू ऐक."

सकाळी मी गॅस बंद केला, फोडणीचा आवाज नको म्हणून, आणि फोन कानाला लावून बसले. आधी नुसती सळसळ ऐकू आली. मग ती.

"पप्पा, ये वापस लो. हे स्कूटरचं आहे."

"टेन डब्ल्यू थर्टी आहे ना? तुझ्या पुस्तकात टेन डब्ल्यू थर्टी आहे ना? फिर?"

"MB म्हणजे काय?"

"काय?"

"ये दो अक्षर, पप्पा. MB. इसका मतलब क्या?"

"कंपनीचं काहीतरी असेल. मेड बाय." कुणीतरी फिसकन हसलं. तो चिडला. "सकाळी सकाळी गिऱ्हाइकांसमोर काय लावलंयस? घेऊन जा, डाल, कुछ नहीं होता."

"माझा क्लच जाईल. तुम्ही कितने लोगों को ये दिया है बाइक के लिए?"

तेवढ्यात मिस्त्रीचा आवाज आला, समोरून येऊन उभा राहिला असावा. "दिखाना बिटिया." बाटली काउंटरवर टेकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सेठजी, ये कब से चल रहा है?"

"अरे, नंबर तो वही है!"

"नंबर को क्या चाटूँ? तीन गाड़ी का क्लच फिसल रहा है मेरे यहाँ. मैं प्लेट बदल रहा हूँ, ग्राहक से गाली खा रहा हूँ, और तेल आपका डाल रहा हूँ. भाईसाहब के टाइम में एक बार ऐसा नहीं हुआ."

भाईसाहब म्हणजे हे. माझ्या हातातला फोन ओला झाला होता.

"मुझे क्या पता," दीर म्हणाला. त्याचा आवाज मी एवढा लहान कधी ऐकला नव्हता. "फळीवर हेच होतं."

"फळी कुणी लावली?" पुतणीने विचारलं.

 उत्तर मिस्त्रीने दिलं. तो म्हणाला की आजपासून ऑइल तो लष्कर भागातल्या बाजारातून आणेल, आणि ज्या गाड्यांत हे गेलंय त्यांचं ऑइल सेठने बदलून द्यावं. चकत्या जळल्या नसतील तर वाचतील, जळल्या असतील तर त्याही सेठनेच घालून द्याव्या. बाकीच्या गिऱ्हाइकांचीही कुजबुज सुरू झाली. एकजण विचारत होता, कल जो मैं ले गया था वो कौन सा था? मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला. एक शब्द सांडू द्यायचा नव्हता.

पुतणीने MA च्या चौकटीचं ऑइल स्वतः शोधून घेतलं आणि समोर मिस्त्रीकडे जाऊन गाडीत घातलं. दुपारी तिने मला मेसेज केला, "मक्खन चल रही है." त्या मेसेजचा मला आनंद झाला, पण सकाळच्याइतका नाही.

मग दिराचे फोटो सुरू झाले. मला फोन करायला त्याला लाज वाटत होती, म्हणून तो फोटो पाठवायचा. नुसती बाटली, खाली एक शब्द नाही. मी फोटो उघडायची. निळी खूण त्याला दिसायची. गिऱ्हाइकाची गाडी कुठली ते मला भिंतीतून आधीच ऐकू आलेलं असायचं, उत्तर एका नजरेत माहीत असायचं. तरी मी कपडे वाळत घालून यायची, डाळ कुकरला लावायची. भिंतीतून ऐकू यायचं, "सेठ, कितना टाइम?" आणि तो म्हणायचा, "बस, अभी बताता हूँ." मग मी लिहायची, "नाही." का नाही ते लिहायची नाही. तो परत फोटो पाठवायचा, दुसरी बाटली. चुकीचं उत्तर मात्र मी त्याला एकदाही दिलं नाही. दिलं असतं तर तो म्हणाला असता, वहिनींना काय कळतं. त्याला मी ती सोय करून देणार नव्हते.

एकदा त्याने बाटलीच्या भलत्याच बाजूचा फोटो पाठवला. मी लिहिलं, "चौकट दिसत नाही." त्याने परत पाठवला. मी लिहिलं, "अंधार आहे." गिऱ्हाईक निघून गेल्याचं मला ऐकू आलं.

शेवटी तो मागच्या दाराने आला. उंबऱ्यापाशीच उभा राहिला. "वहिनी, दुकानात बसाल का? ऑइलकडे तेवढं."

"मर्दांची ये-जा असते तिथे," मी म्हटलं. घसा बसला नाही.

तो खाली बघत म्हणाला, "माझं चुकलं असेल."

"असेल नाही."

"चुकलं," तो म्हणाला.

"हे इथे नका म्हणू. मिस्त्रीसमोर म्हणा."

त्याने म्हटलं. कसं म्हटलं ते मी लिहीत नाही, मला ते जसंच्या तसं पाठ आहे. मिस्त्री परत आमच्याकडून माल नेऊ लागला. मी फळ्या पुन्हा गाडीप्रमाणे लावल्या, आणि नंबराची ती सुंदर रांग मोडताना त्यालाच बाटल्या धरून उभं केलं.

आता मी दुकानात बसते. गिऱ्हाइकांशी अजूनही बोलत नाही, तेवढं बदललेलं नाही. बोलतो तो. कुणी ऑइल मागितलं की तो बाटली काढतो, पण देत नाही. माझ्याकडे येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, "वहिनी, ही चालेल?" मी चष्मा काढून पदराने पुसते. तो पुन्हा लावते. बाटली उजेडात धरते, गोल शिक्का बघते, मग फिरवून चौकट बघते, मागचं लेबल अगदी खालपर्यंत वाचते. ही गिऱ्हाइकाच्याच गाडीची आहे हे मला त्याने फळीवरून उचलली तेव्हाच दिसलेलं असतं. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतं. दीर हात पुढे करून उभा असतो. त्याला किती वेळ उभं ठेवायचं ते मी रोज ठरवते, आणि अजून एकदाही मला ते कमी करावंसं वाटलेलं नाही.